अर्धवट सोडवलेली गणिते तपासताना : आपले अनुभव

उत्तरा
भाचीची आठवीची स्वाध्यायपुस्तिका काल हाती आली आणि शिकवणीतल्या जुन्या वह्या आठवल्या. छापील प्रश्न 3(x − 4) − 2(x − 5) = 7 असा होता. तिने शेजारी 3x − 12 − 2x − 10 = 7 आणि खाली x − 22 = 7 एवढे लिहून गणित सोडून दिले होते. मी −10 भोवती पेन्सिलीने गोल केला आणि ‘−2 ने −5 ला गुणून पाहा’ असे समासात लिहिले. तिने चिन्ह बदलून x = 9 काढले आणि 15 − 8 = 7 असा ताळाही करून पाहिला. मी सगळे खोडून नव्याने सोडवून दिले असते, तर पहिला कंस तिने अचूक सोडवला होता हे तिला कळलेच नसते. आपण काय करता, ते अवश्य लिहावे.

फळा-खडू
मी आधी मुलाने उतरवलेली ओळ छापील प्रश्नाशी ताडून पाहतो. एकाने x² − 7x + 12 = 0 ऐवजी +7x उतरवले होते आणि −3 व −4 ही उत्तरे काढली होती. त्याने उतरवलेल्या समीकरणाची ती बरोबरच उत्तरे होती, म्हणून ‘प्रश्न पुन्हा वाच’ एवढाच शेरा दिला. पुढची प्रत्येक ओळ मी तिच्या वरच्या ओळीशी जुळते का ते पाहतो. उत्तरसूची शेवटी उघडतो.

सह्याद्री७
बहुतेक वेळा चूक चिन्हाचीच असते. तेवढे दुरुस्त करून दिले की काम झाले, असे मला वाटते.

फळा-खडू
चिन्हाच्या चुका पुष्कळ होतात हे खरे, पण कारण वेगळे असू शकते. उत्तराताईंच्या भाचीने −10 लिहिले, म्हणजे तिने दुसऱ्या पदाला 2 ने गुणले, पण ऋण चिन्ह पहिल्या पदापुरतेच धरले. तिने −2x − 5 लिहिले असते, तर दुसरे पद गुणायचेच राहिले असते. खात्रीसाठी मी +2(x − 5) सोडवायला देतो. ते बरोबर आले, तर ऋण चिन्हावरच सराव घ्यावा लागतो.

मोगरा
आमच्याकडे निबंधाचे असेच झाले. बाईंनी मुलाची वाक्ये खोडून स्वतःची लिहिली, त्याने ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि पुढच्या निबंधात ‘परंतू’ पुन्हा दीर्घच आला. गुणही कापले गेले. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो का?

उत्तरा
मोगराताई, शाळेतल्या निबंधासाठी बाईंशी बोलणेच बरे. ‘परंतू’खाली फक्त रेघ मारून तो शब्द त्यालाच सुधारू द्यावा, असे त्यांना सुचवून पाहा.

रानवाट
पहिल्याच ओळीपासून सगळे चुकलेले असेल, तर गोल तरी कुठे करायचा? मी अशा वेळी आकडे बदलून दुसरे गणित पूर्ण सोडवून दाखवते आणि मुलाची पाने तशीच ठेवते. मात्र काही मुले तो नमुना जसाच्या तसा उतरवतात, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

फळा-खडू
नमुन्यातली एक मधली ओळ रिकामी सोडून पाहा. माझ्या काही विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग झाला, काहींना झाला नाही.