आजारपणासाठी पगारातून उचल: साहेबांकडे मागावी की बाहेरून कर्ज काढावं?

कळवेकरीण: बाबांची अचानक अँजिओप्लास्टी झाली. विमा पुरला नाही, वरचे ९०,००० मामांनी भरले. त्यांना ते याच महिन्यात परत हवेत. वागळे इस्टेटमध्ये एकाच कंपनीत आठ वर्षं आहे, हातात ४१,००० येतात. साहेबांना १५,००० चे सहा हप्ते सांगणार आहे, म्हणजे पटकन फिटतंय असं दिसेल. मागावं का?

घणसोलीकर: ताई, नका मागू. मी एकदा मागितले होते. पैसे मिळाले, पण नंतर वर्षभर रजा मागताना जीभ जड व्हायची. पगारखातं असलेल्या बँकेतून पर्सनल लोन काढा. व्याज जाईल, पण कुणाचं मिंधं राहावं लागत नाही.

पगारपत्रकवाली: चौदा वर्षं पेरोल करतेय, म्हणून सांगते. बँकेने १४ टक्क्यांनी दिले तरी वर्षभरात साधारण ७,००० व्याज जाईल, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्या घरात ही रक्कम लहान नाही. मागाच, पण १५,००० चा हप्ता लिहून देऊ नका. घरभाडं, किराणा, शाळा, पास आणि आता बाबांची गोळ्या-औषधं, सगळं मिळून महिन्याला किती जातं?

कळवेकरीण: ३२,५०० च्या आसपास.

पगारपत्रकवाली: मग उरतात ८,५००. पंधरा हजार कापले तर दुसऱ्याच महिन्यात तुम्ही माझ्यासारखीच्या टेबलाशी याल, "या महिन्यात हप्ता थांबवता का?" विचारायला. साहेबांचा विश्वास तिथे उडतो, उचल मागितल्याने नाही. ६,००० चे दहा हप्ते ठेवा, ते ६०,००० होतील. दिवाळीचा बोनस किती मिळतो?

कळवेकरीण: गेली तीन वर्षं ३०,००० मिळतोय.

पगारपत्रकवाली: तो पूर्ण यात टाका, ९०,००० फिटले. बोनस कमी आला तर उरलेल्या रकमेसाठी तोच ६,००० चा हप्ता पुढे चालू राहील, हेही लिहा. म्हणजे दर महिन्याला २,५०० हातात राहतात. बाबांची तपासणी पुन्हा निघेल, तेव्हा ते लागतील.

कायदेपंडित: कंपनीला नाही म्हणताच येत नाही. निम्म्या पगारापर्यंत कापायची कायद्यात सोय आहे.

पगारपत्रकवाली: दादा, दुसरं अर्धवट बरोबर, पहिलं नाही. उचल द्यायची की नाही हा कंपनीचा प्रश्न. निम्म्याची मर्यादा सगळ्या कपातींना मिळून असते, त्यात पीएफही आला. आणि ती कमाल मर्यादा आहे, तेवढं कापलं म्हणजे घर चालतं असं नाही.

तुर्भे एमआयडीसी: माझा छोटा कारखाना आहे. एका टर्नरला बायकोच्या ऑपरेशनसाठी ४०,००० दिले. दोन हप्ते कापले, तिसऱ्या महिन्यात गडी गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून मी देत नाही. वाईट वाटतं, पण नाही देत.

पगारपत्रकवाली: तुमची भीती खरी आहे, म्हणून ताईंनी ती स्वतःहून पत्रात मांडावी. साहेब फक्त शिफारस करतात, पैसे एचआर आणि अकाउंट्स सोडतात. त्यामुळे आधी समोर बसून पाच मिनिटं बोला, आणि त्याच संध्याकाळी मेल करा. आमच्याकडे विसाव्या तारखेनंतर त्या महिन्याचा पेरोल बंद होतो, तुमच्याकडची तारीख विचारून घ्या. मेल इतकाच:

"सर, वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी ९०,००० रुपयांची उचल मिळावी ही विनंती. पुढच्या महिन्यापासून दरमहा ६,००० माझ्या पगारातून कापावेत, यास माझी संमती आहे. दिवाळी बोनस पूर्ण यात वळता करावा, तरी बाकी राहिल्यास हाच हप्ता चालू ठेवावा. मधेच नोकरी सोडल्यास बाकी रक्कम माझा शेवटचा पगार आणि शिल्लक रजेच्या पैशांतून वळती करावी, त्यातूनही उरली तर मी भरेन. डिस्चार्ज समरी आणि अंतिम बिल सोबत जोडले आहे."

रिपोर्टांची चळत जोडू नका. बाबांचा आजार सगळ्या ऑफिसात फिरायला नको.

घणसोलीकर: पत्र चांगलं आहे, पण अप्रेझलच्या वेळी साहेबांच्या मनात काय असेल ते कुठल्या मेलमध्ये लिहिणार? त्यापेक्षा पीएफमधून काढा. आई-वडिलांच्या आजारपणासाठीही मिळतात आणि परत भरायचे नसतात.

पगारपत्रकवाली: मिळतात. पण ती म्हातारपणाची पुंजी आहे. मी तिला सगळ्यात शेवटी हात लावेन.

घणसोलीकर: आणि मी सगळ्यात आधी. स्वतःचे पैसे असताना दुसऱ्यापुढे हात का पसरायचा?

कळवेकरीण: आज बोलले. साहेबांनी आधी बाबा कसे आहेत ते विचारलं, मग हप्त्याचा कागद दोनदा वाचला. एचआर बहुतेक ६०,००० च देईल म्हणाले, सोमवारी कळेल. तसं झालं तर वरच्या ३०,००० साठी पीएफचा अर्ज टाकावा की मामांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं, आज रात्री आईशी बोलते.