नाकारलेला टिक खिडकीत राहू द्या

> "मीडियन फिल्टर लावलाय, पण भावाने खरी उडी मारली की सिग्नलच बंद पडतात."

मीडियनपासून फार लांब म्हणून नाकारलेले टिक, म्हणजे बाजारातून येणारे एकेक भाव, तुम्ही बहुधा खिडकीतूनही, म्हणजे ज्या मागच्या टिकांवरून मीडियन काढता त्यांतूनही, वगळताय. समजा, मागचे ५ टिक २५०.१०, २५०.१५, २५०.१०, २५०.२०, २५०.१५ आहेत, मीडियन २५०.१५. आता २०५.१५ आला. तो सिग्नलला देऊ नका, पण खिडकीत घ्याच. एकटा असेल तर मीडियन जागचा हलत नाही. भाव खरंच तिथे गेला असेल, तर असे तीन टिक जमताच मीडियन २०५ जवळ येतो आणि चौथा टिक मान्य होतो. वगळत राहिलात तर मीडियन जुन्या भावालाच चिकटून बसतो. तीन टिकांचा हा उशीर मला तरी परवडतो. मात्र सलग तीन चुकीचे टिक आले, तर ५ ची खिडकी फसते.