मदत हवी आहे: पोटाच्या सीटीचा एकच कट, त्यात एओर्टा कुठली आणि उजवी किडनी कुठली?

सातपूरची_सई

नमस्कार. मी नाशिकला रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी एक शीट द्यायची आहे. पोटाच्या सीटीचा एकच आडवा कट छापून दिलाय, त्यावर 7 बाण आहेत आणि प्रत्येक बाणासमोर नाव लिहायचं आहे. कॉन्ट्रास्ट दिलेला पेशंट आहे. झेरॉक्स काढताना कडेची अक्षरं आणि मोजपट्टी कापली गेली आहे. फोटो बाहेर टाकायचा नाही असं सांगितलंय, म्हणून दिसतं ते शब्दांत लिहिते.

पानाच्या डाव्या बाजूला मोठा, एकसारखा करडा भाग आहे. तो बाण 1, लिव्हर. उजव्या बाजूला मागे, बरगड्यांना चिकटून चंद्रकोरीसारखा बाण 2, स्प्लीन. त्याच्या आत, मणक्याच्या शेजारी बाण 3, डावी किडनी. ती छान पांढरी आहे आणि मणक्याकडच्या बाजूने उघडी आहे. त्या उघड्या तोंडातून एक पांढरा पट्टा मध्याकडे निघतो. इथपर्यंत माझं आणि मैत्रिणीचं एकमत आहे.

पुढे अडलंय. मणक्यासमोर दोन गोल आहेत. बाण 4 मणक्याला टेकून, किंचित पानाच्या उजवीकडे. बाण 5 त्याच्या डावीकडे, जरा पुढे, लिव्हरला लागून. दोन्ही जवळपास सारखेच पांढरे. मी 4 ला एओर्टा म्हणते. मैत्रीण 5 ला म्हणते, कारण तो आकाराने मोठा आहे.

बाण 6 लिव्हरच्या मागे, चरबीच्या काळ्या भागात असलेला पूर्ण बंद गोळा आहे. मला ती उजवी किडनी वाटते, पण मग डावीसारखं उघडं तोंड का नाही? मैत्रीण म्हणते पित्ताशय. आणि बाण 7 हा स्प्लीनच्या आतल्या कडेजवळ सुटा, लहान गोल, रंग स्प्लीनचाच. तो काय असेल?

गंगापूररोड_वैद्य

अगं सोपं आहे. एओर्टा नेहमी जास्त पांढरी आणि गोल असते, आयव्हीसी नेहमी फिकी आणि चपटी. जो जास्त पांढरा दिसेल तिथे एओर्टा लिहून मोकळी हो. 6 ला मात्र किडनी लिहू नकोस. दोन्ही किडन्या एका कटात सारख्याच दिसल्या पाहिजेत. लिव्हरच्या मागे, किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल असते, ती असणार.

कन्सोलवाले_काका

वैद्यबुवा, तुमचं पहिलं वाक्य एका विशिष्ट वेळेपुरतं बरोबर आहे. इंजेक्शननंतर साधारण 30 सेकंदांनी काढलेल्या कटात एओर्टा झगझगीत दिसते आणि आयव्हीसी मागे पडते. पोटाचा नेहमीचा स्कॅन मात्र आम्ही 70 सेकंदांच्या आसपास घेतो. तोवर औषध सगळीकडे फिरून आलेलं असतं आणि दोघी जवळपास सारख्या दिसतात. सईच्या कटात तेच झालंय. स्प्लीन एकसारखी करडी आहे हे तिने लिहिलंय का? नसेल तर बघून सांग. पहिल्या फेजमध्ये स्प्लीनवर पट्टेपट्टे दिसतात, नंतर ते जातात. चपटेपणावरही फार विसंबू नका. पेशंटने श्वास धरलेला असला किंवा सलाइन भरपूर गेलेलं असलं की आयव्हीसी चांगली गोल होते, कधी एओर्टापेक्षा मोठीही दिसते. मैत्रिणीची गल्लत तिथेच झाली असणार.

सई, रंग आणि आकार बाजूला ठेव, जागा आणि जोडणी बघ. एओर्टा मणक्याला टेकून, मध्यरेषेच्या जरा पेशंटच्या डावीकडे असते. आयव्हीसी तिच्या उजवीकडे, लिव्हरच्या अंगाला. एवढ्यावरच 4 एओर्टा ठरते. पण तुझ्याकडे याहून पक्का पुरावा आहे, तो तूच लिहिलास: डाव्या किडनीतून निघालेला पट्टा. ती डावी रीनल व्हेन आहे. शीर असल्यामुळे तिला आयव्हीसीतच जायचं असतं, आणि तिथे पोचायला तिला एओर्टा ओलांडावी लागते. आता पट्ट्यावर पेन्सिल ठेव आणि सांग, तो 4 च्या पुढून जातो का आणि कुठे संपतो? आणि पट्ट्याच्याही पुढे, काळ्या चरबीच्या कड्यात एक लहान पांढरा ठिपका दिसतो का?

सातपूरची_सई

काका, स्प्लीन एकसारखीच आहे, पट्टे नाहीत. पांढरा पट्टा 4 च्या पुढून जातो, तिथे जरा दबल्यासारखा होतो आणि 5 ला मिळतो. ठिपकाही आहे, बरोबर पट्ट्याच्या पुढे. त्याला बाण नाही म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं.

कन्सोलवाले_काका

मग विषय संपला. 4 एओर्टा, 5 आयव्हीसी. तो ठिपका म्हणजे आतड्याकडे जाणारी सुपिरियर मेसेंटेरिक आर्टरी, एओर्टातूनच निघते. शीर या दोघींच्या मधून जाते, म्हणून तिथे दबलेली दिसते. काही थोड्या लोकांत हीच शीर एओर्टाच्या मागून जाते. म्हणजे पट्टा पुढून गेला नाही तर लगेच नावं बदलायची नाहीत, तो शेवटी कुठे मिळतो हे बघायचं. वयस्क पेशंटमध्ये आणखी एक खूण सापडते: भिंतीवर चुन्याचे पांढरेफेक ठिपके असले तर ती बहुतेक एओर्टाच.

आता 6. उजवी किडनी बहुतेकांत डावीपेक्षा जरा खाली असते, वर लिव्हर बसलेलं आहे ना. त्यामुळे सुरी एकाच पातळीवर फिरवली तरी डावी तिच्या मध्यावर कापली जाते आणि उजवी वरच्या टोकाजवळ. मध्यावर शिरा आत-बाहेर करतात, तिथे तोंड उघडं दिसतं. वरच्या टोकाला ती जागा अजून आलेलीच नसते, म्हणून बंद गोळा दिसतो. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात ही अपेक्षाच सोडून द्या.

पित्ताशय नाही, कारण पित्ताला शिरेतून दिलेलं औषध लागत नाही. या फेजला पित्ताशय पाण्यासारखं गडद दिसतं आणि ते लिव्हरच्या खालच्या, पुढच्या बाजूला असतं, मागे नाही. अ‍ॅड्रिनलही नाही. ती बारीक असते, दोन-तीन पातळ काड्या एकत्र आल्यासारखी. सई, मोजपट्टी कापली गेली असली तरी मणका आहेच. त्या पातळीवर मणक्याची रुंदी ढोबळमानाने 4 सेंटिमीटर धर आणि 6 ची रुंदी त्याच्याशी ताडून बघ.

सातपूरची_सई

कर्कटकाने मोजलं. 6 मणक्यापेक्षा किंचितच कमी आहे. 4 साधारण मणक्याच्या निम्मा.

कन्सोलवाले_काका

निम्मा म्हणजे 2 सेंटिमीटर, एओर्टाला साजेसं माप. आणि जवळजवळ 4 सेंटिमीटरचा, डाव्या किडनीइतकाच पांढरा गोळा ही उजवी किडनीच.

द्राक्षबाग_पिंपळगाव

नमस्कार साहेब. मधेच विचारतो. माझा मुतखड्याचा सीटी झाला. रिपोर्टात डाव्या बाजूला खडा लिहिलाय, पण फिल्म धरली तर खडा उजव्या बाजूला दिसतो. दुखतं मला डावीकडेच. फिल्म उलटी छापली का रिपोर्ट चुकला? आता दुसरीकडून परत सीटी करून घ्यावा काय?

कन्सोलवाले_काका

भाऊ, घाई करू नका, पैसे घालवू नका. सीटीचा आडवा कट पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून बघतोय असा दाखवतात. म्हणून तुमची डावी बाजू फिल्मच्या उजव्या हाताला येते. चित्राच्या कडेला R किंवा L अक्षर शोधा. खडा L कडे असेल तर फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही बरोबर आहेत. फिल्म पाठीकडून तर धरली नाही ना तेही बघा, अक्षरं उलटी वाचली जात असतील तर कळेल. खडा किती मोठा, काढायचा की पाणी पिऊन जाईल, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

द्राक्षबाग_पिंपळगाव

L कडेच आहे. जीव भांड्यात पडला. पण उभ्या फोटोतही तसंच असतं का?

कन्सोलवाले_काका

हो, समोरून उभ्या चित्रातही तसंच, माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं.

रेसिडेंट_नाशिकरोड

काकांच्या उत्तराला एक पुरवणी. सई, तुझ्या शीटवर R-L कापलं गेलंय हे मला खटकतं. "लिव्हर पानाच्या डावीकडे, म्हणून ती पेशंटची उजवी" असं आपण धरून चाललोय. 10,000 लोकांत एखाद्याचे अवयव जन्मतःच उलट बाजूंना असतात. अक्षर नसेल तर असा माणूस आणि आरशासारखी उलटी झालेली प्रतिमा यांत नुसत्या चित्रावरून फरक करता येत नाही. शीटपुरतं नेहमीचंच गृहीत धर, पण सरांना मूळ चित्र दाखवायला सांग. पेशंट उताणा आहे एवढं मात्र अक्षरांशिवायही कळतं. जठरातली हवा काळी दिसते आणि ती वर चढते. काळा भाग पोटाच्या पुढच्या बाजूला असेल आणि टेबलाची वक्र रेघ पाठीखाली असेल तर उताणाच. मूत्राशयाच्या तोंडाशी खडा दिसला तर कधीकधी पालथं झोपवूनही स्कॅन करतात, तेव्हा हे उलटं होतं.

7 बद्दल माझं मत: सुटी छोटी स्प्लीन. पुष्कळ लोकांत मूळ स्प्लीनच्या शेजारी असा एखादा तुकडा जन्मतःच असतो. गोल, गुळगुळीत, आणि प्रत्येक फेजला मूळ स्प्लीनसारखाच रंग घेतो.

कन्सोलवाले_काका

डॉक्टर, इथे मी जरा थांबेन. हा कट डाव्या रीनल व्हेनच्या पातळीवरचा आहे, म्हणजे स्प्लीन खालच्या टोकाकडे आलेली. तिच्या कडेला खाचा असतात. वर जोडलेला फाळका खाली एकट्या बेटासारखा कापला जाऊ शकतो. वरचे दोन-तीन कट बघितले की तो मूळ स्प्लीनला मिळताना दिसतो. स्वादुपिंडाचं शेपूट किंवा औषध न भरलेल्या आतड्याचं वळणही याच कोपऱ्यात येतं. आतडं असेल तर पुढच्या कटात ते नळीसारखं लांबत जातं.

रेसिडेंट_नाशिकरोड

मान्य, आतड्याची शक्यता मी धरायला हवी होती. तरी रंग तंतोतंत स्प्लीनचा असेल तर माझा कल स्प्लीनकडेच. सुटी की जोडलेली, हे एका कटावर मी छातीठोक सांगणार नाही.

गंगापूररोड_वैद्य

किडनीचं पटलं. पण काका, परीक्षेत एकच कट येतो, वरचे-खालचे कट कोण दाखवणार? मग 7 ला काय लिहायचं?

कन्सोलवाले_काका

"स्प्लीनचा भाग किंवा सुटी स्प्लीन, वरचे कट बघणं आवश्यक" असं लिहावं. मार्क किती मिळतील ते तपासणाऱ्यावर आहे. सई, सरांकडे या पेशंटची नाव काढलेली सीडी असेल तर माग. कॉलेजच्या संगणकावर 3D Slicer घाल, फुकट आहे. विंडो 400 आणि लेव्हल 40 ठेवून 7 वर माऊस धरून वर सरकत जा. आणि माऊस ठेवल्यावर खाली आकडा दिसतो तोही टिपून ठेव, 7 आणि 2 दोन्हींचा.

सातपूरची_सई

सरांना आत्ताच मेसेज केलाय. सीडी आहे म्हणाले, पण त्यात पातळ कट नाहीत, सगळे 5 मिलिमीटरचेच आहेत. 7 तर जेमतेम सेंटिमीटरभर आहे. एवढ्या जाड कटांत तो जोडलेला आहे की नाही हे कळेल का?

रेसिडेंट_नाशिकरोड

दोन-तीन कटांत येईल. जोड रुंद असेल तर दिसेल. बारीक असेल तर शेजारच्या चरबीत मिसळून पुसट होईल आणि मग तो आहे की नाही यावर आम्हीसुद्धा वाद घालतो. सीडी बघितलीस की इथे लिही.