आजीच्या बाथरूमचा फोटो टाकलाय, काय काय बदलू? बजेट ३०००

पेठेतला_ओंक्या: आजी ८१ ची हाय, उजवा गुडघा गेलाय. परवा मोरीत घसरता घसरता वाचली. घर शिवाजी पेठेतलं जुनं, बाथरूम नंतर काढलंय. फोटो दारातनं काढलाय. दांड्या, मॅट आणि लाईट एवढंच करायचंय, तोडफोड नको. बजेट ३०००, त्याच्यावर जमणार नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली: भावा सगळं उखडून टाक. आम्ही आईसाठी अँटीस्किड टाइल्स, वॉल हंग कमोड, काचेचं पार्टिशन सगळं केलं, ऐंशी हजारात नाद खुळा काम झालं. एकदाच खर्च होतो.

पेठेतला_ओंक्या: दादा बजेट वाचलं का 🙏

स्नेहल_के: व्हॅक्यूमवाला हँडल घे ऑनलाईन, भोकं पाडायला लागत नाहीत. माझ्या सासूबाई तोच वापरतात, अजून पडलेला नाही.

बांधकाम_काका: स्नेहलताई, तोल सावरायला हात टेकवण्यापुरता तो ठीक. पण उठताना माणूस सगळं वजन टाकतो, आणि व्हॅक्यूम हळूहळू सुटत असतो ते बाहेरनं कळत नाही. ओंकार, फोटो मोठा करून बघ. कमोडच्या डाव्या भिंतीवर टॉवेलचा रॉड आहे, त्याचं पुढचं टोक खाली आलंय आणि स्क्रूभोवती टाइलला केसासारखी चीर दिसते. म्हणजे आजी रोज तोच धरून उठतात. तो आजच काढ, टॉवेल दाराला अडकव.

पेठेतला_ओंक्या: काका खरंय, आत्ता विचारलं तर म्हणाली "मग काय धरू?" 😅

बांधकाम_काका: बरोबरच आहे त्यांचं. आता दांडी कुठं लावायची ते मिस्त्रीला ठरवू देऊ नको. आजींना कपड्यानिशी कमोडवर बसव, दोनतीनदा उठायला सांग, हात आपोआप जिथं जातो तिथं खडूनं खूण कर. आडवी दांडी साधारण सीटच्या नऊ-दहा इंच वर येते आणि एक उभी दांडी कमोडच्या पुढच्या कडेच्या थोडी पुढं, ओढून उठायला. आणि पांढऱ्या टाइलवर चकचकीत स्टील म्हाताऱ्या डोळ्याला दिसत नाही, रंगीत पकडवाली बघ, लक्ष्मीपुरीत हार्डवेअरवाल्यांकडं विचार.

तांबडा_पांढरा: आमच्यात पण लावल्यात की दांड्या, प्लास्टिकची गिट्टी आणि दोन स्क्रू, काम झालं. उगं लांबड लावू नका.

बांधकाम_काका: पक्क्या विटेत गिट्टी धरंल, पण दांडीला दोन्ही टोकाला तीन तीन स्क्रू पाहिजेत आणि ते टाइलमध्ये नाही, विटेत जायला पाहिजेत. पेठेतली जुनी भिंत मातीतली असती, त्यात फास्टनरसुद्धा फिरतो. आधी टाइलवर बोटानं ठोकून बघ, भद्द आवाज आला तर आत पोकळ. भोक पाडताना लाल भुकटी आली तर वीट, तपकिरी माती भुरूभुरू आली तर थांब. मग भिंतीच्या पलीकडनं पट्टी देऊन आरपार बोल्ट, नाहीतर दांडी नकोच.

रंकाळा_फेरी: मॅटचं कुणी बोललंच नाही. फोटोतली चोषकाची मॅट फेकून दे, फरशी बारक्या टाइल्सची आहे, चोषक सांध्यावर आले की हवा शिरते आणि मॅटच सरकते. आमच्या वडिलांची तशीच मॅट स्टुलासकट गेली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या हॉस्पिटलनं बिल असं लावलं की बोलायची सोय नाही, असो. जाळीची रबरी मॅट घ्या, पाणी खालनं जातं. रोज उभी करून वाळवा, नायतर खाली साबणाचं बुळबुळीत साठतं.

स्नेहल_के: मी पण मॅटच म्हणणार होते. आणि बंब आत ठेवू नका, चटका बसतो.

तांबडा_पांढरा: बंबाच्या पाण्याची सर गिझरला नाही ओ ताई.

रंकाळा_फेरी: बंबाचा धागा वेगळा काढा!

बांधकाम_काका: लाईटचं, दिवा दारावर आहे. आजी आत तोंड करून बसल्या की स्वतःचीच सावली फरशीवर पडते. एक एलईडी समोरच्या भिंतीवर घे, पाणी जाणार नाही असा बंद फिटिंगचा. रात्रीसाठी पलंगापासनं बाथरूमपर्यंत सेन्सरचा छोटा दिवा, बटण शोधायला लागत नाही. उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी चिकटव. आणि आतली कडी काढून बाहेरनं उघडंल अशी लाव.

पेठेतला_ओंक्या: ठोकून बघितलं, कमोडच्या बाजूला चार टाइल्स भद्द वाजतात आणि पलीकडं शेजाऱ्यांचं देवघर आहे, बोल्ट शक्य नाही. मी कमोडभोवतीची लोखंडी फ्रेम घेतोय, दोन्हीकडं हात टेकता येतो.

बांधकाम_काका: एका बाजूनं दाबलं की ती कलती. सीटच्या बोल्टला कसता येणारी असंल तरच घे.

पेठेतला_ओंक्या: दुकानदार म्हणतोय कसायला लागत नाही, खाली रबरी बूट हायत.

बांधकाम_काका: ओल्या फरशीवर बुटाचं काय खरं नाही.

पेठेतला_ओंक्या: घेतली काका. जाळीची मॅट, सेन्सर दिवा आणि पट्टी धरून बजेटमध्ये बसलं. कडीचं आजी ऐकंना, म्हणते कुणी आत आलं तर?

राजारामपुरी_७वी_गल्ली: सांगतोय ते ऐक, टाइल्स बदल.