निळी टिक असलेल्या स्थळावर किती भरवसा ठेवायचा?

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. मुलगी २८ वर्षांची, सीए. ओळखीतली स्थळं संपत आली म्हणून एका विवाह-अ‍ॅपवर नाव नोंदवलं. तीन दिवसांत स्थळ आलं: लीड्सला डॉक्टर, मूळ साताऱ्याचे, प्रोफाइलवर निळी टिक. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणाले, नंबर +44चा. व्हिडिओ कॉलचं काढलं की ड्यूटी आडवी येते. आता मुलीच्या वाढदिवसाला पार्सल पाठवायचंय म्हणून घरचा पत्ता मागताहेत. द्यावा का? आणि पैसे भरायचेच तर अ‍ॅप कुठलं बरं?

सुमनताई
साताऱ्याचे म्हणजे नेमके कुठले? पत्रिका बघितली का आधी?

विन्या_बडोदा
सोपं आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची तर जीएमसी या तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या रजिस्टरात नाव लागतं आणि ते कुणालाही ऑनलाइन बघता येतं. नाव सापडलं की काळजी मिटली.

मेधा जो.
विन्या, अर्धंच झालं. त्या रजिस्टरात फोटो नसतो, म्हणजे खऱ्या डॉक्टरचं नाव कुणीही लावू शकतो. काका, त्यांना हॉस्पिटलच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवायला सांगा. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांचे पत्ते बहुधा nhs.net किंवा nhs.uk वर संपतात. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, gmail नको. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. काही सापडलं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही, पण दुसऱ्याच नावाने सापडला तर विषय संपला.

पत्ता मुळीच देऊ नका. पार्सल येतच नाही. येतो तो 'दिल्ली कस्टम्स'मधून फोन: आत पौंड सापडलेत, दंड या खात्यात भरा. खातं कुणातरी माणसाच्या नावावर असतं. कस्टम्स असे पैसे घेत नाही. कुणी भरलेच असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

टिकेचं म्हणाल तर कशाची तपासणी झाली ते टिकेवर दाबून वाचा. कुठे नुसता ओटीपी असतो, कुठे ओळखपत्र. पगार आणि आधीचं लग्न बहुतेक कुणीच तपासत नाही. अ‍ॅपच्या नावापेक्षा मी दोन गोष्टी बघते: होकार देईपर्यंत फोटो आणि नंबर झाकून ठेवता येतात का, आणि कॉल अ‍ॅपमधूनच होतो का.

सराफ्यातला
आमच्याकडे उलटं झालं. स्थळ खरं होतं, सहा महिन्यांचे पैसे मात्र आपोआप दुसऱ्यांदा कापले गेले. ऑटो-पे आधी बंद करा.

राजेंद्रनगरकर
मेधाताई, ईमेल मागितली. उत्तर आलं, "एवढा अविश्वास असेल तर नातं कसं टिकेल?" त्यानंतर दोन दिवस गप्प. अ‍ॅपवर तक्रार टाकली, प्रोफाइल अजून तसंच आहे, टिकेसकट. सौ.चं म्हणणं, मुलगा खरंच दुखावला असेल. पण मला घोर वेगळाच लागलाय: बायोडेटाची पीडीएफ पहिल्याच दिवशी गेली, त्यात जन्मवेळ, मुलीचं ऑफिस आणि माझा नंबर आहे. त्याचं आता काय करता येईल?