रोकड की बिलावर? दुकानाच्या हिशेबाचे अनुभव सांगा

चादरवाली: काल शेजारचे दुकानदार म्हणाले, "गिऱ्हाइकाचे पैसे आले नाहीत आणि जीएसटी मात्र भरायचा!" तेव्हा बाबांनी सीएंना केलेला मेल आठवला. मी टाईप केला होता, म्हणून अजून लक्षात आहे:

"साहेब, लॉजवाल्याला मार्चमध्ये १,८०,०००चे टॉवेल उधार दिले, पैसे मेमध्ये मिळतील. कारखान्याचे १,२०,००० मी मार्चमध्येच चुकते केले. आल्यागेल्या पैशावर हिशेब धरला तर या सौद्यात यंदा १,२०,०००चा तोटा दिसतो. बिलावर धरला तर ६०,००० नफा. हातात रुपया नाही, कर कुठून भरू? कोणती पद्धत धरू?"

तुमच्याकडे काय करतात?

नवीपेठकर: रोकड पद्धत धरायची. पैसे आले की उत्पन्न. जीएसटीही तेव्हाच.

खतावणी: पहिलं बरोबर, दुसरं नाही. एकाच मालकाच्या दुकानाला आयकरात दोन्ही पद्धती चालतात, पण एक धरली की दरवर्षी तीच. सोयीप्रमाणे बदलता येत नाही. मेमधले १,८०,००० पुढच्या वर्षी उत्पन्नात येणारच, म्हणजे कर टळत नाही, पुढे जातो. जीएसटीला मात्र ही निवड लागू नाही, मालाचं बिल मार्चचं तर कर मार्चच्या रिटर्नमध्ये, महिन्याला भरणाऱ्यांनी २० एप्रिलपर्यंत.

चादरवाली: हो, सीएंनीही हेच लिहिलं. ५ टक्क्यांनी ९,००० खिशातून जाणार म्हणून बाबा धास्तावले होते.

खतावणी: ताई, खरेदीवर भरलेले ६,००० वजा होतात ना. कारखान्याने आपलं बिल वेळेत चढवलं असेल तर रोख ३,०००च. ते पोर्टलवर दिसतंय का, आधी बघायचं.

अक्कलकोटरोड: पण रोखीत दिवसाला एका माणसाला १०,०००च्या वर दिलं तर खर्च धरत नाहीत. मग रोकड पद्धत कशी चालेल?

खतावणी: तो नियम नोटांचा. इथे चेक, यूपीआय सगळं येतं, पैसा कधी हलला तेवढंच बघायचं.

शाळागणवेश: आमचं एक गिऱ्हाईक गाशा गुंडाळून गेलं. बिलावर हिशेब होता, ती रक्कम आधीच उत्पन्नात धरलेली, म्हणून बुडीत टाकता आली. रोकडवाल्याला ते उत्पन्न कधी दिसलंच नसतं, तर वजा काय करणार? वडील मात्र आठवडाभर जेवले नाहीत नीट.

नवीपेठकर: अरेरे. लॉजवालेच का?

शाळागणवेश: नाही हो, शाळा. जूनचा माल होता.

गड्डावाली: आमच्या बँकेला कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला उधारीची यादी आणि मालाचा साठा लागतो. म्हणून आम्ही बिलावरच. चादरवाली, गड्ड्याच्या जत्रेला दुकान लावता का? तिकडे सगळं रोखच, मला आवडतं.

चादरवाली: लावतो की! या. पण खतावणीकाका, रोकड पद्धतीत मार्चअखेर दुकानात पडून राहिलेल्या मालाचं काय धरायचं? बाबांच्या मेलमध्ये ते राहूनच गेलं.

खतावणी: त्यावर आमच्या ऑफिसातही दोन मतं आहेत. रात्री लिहितो, आत्ता रिटर्न चालू आहेत.