‘अ‍ॅड्रेस पॉयझनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता
क्रिप्टो वॉलेटच्या सूचनांचं मराठी करतेय. ‘अ‍ॅड्रेस पॉयझनिंग’ला आधीच्या कुणीतरी ‘पत्ता-विषबाधा’ केलंय. वाचून वाटतं, पत्त्याने लग्नात शिळी बासुंदी खाल्ली. काही सुचतंय का?

जुनाबाजार
‘तोतया पत्ता’. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तसाच हा. चेहरेपट्टी तीच, माणूस भलता. आपल्याकडे असा शब्द असताना विष कशाला घोळवायचं?

कडीकोयंडा
तोतया चांगलाच आहे, पण तो वस्तूचा शब्द झाला. पॉयझनिंग ही क्रिया आहे, आणि ती पत्त्यावर होतच नाही, तुमच्या व्यवहारांच्या यादीवर होते.

इथेरियमचा पत्ता म्हणजे 0x आणि पुढे ४० अक्षरं. वॉलेट जागा वाचवायला सुरुवातीची चार आणि शेवटची चार दाखवतं, मधे ठिपके. तुम्ही नेहमी पैसे पाठवता त्या पत्त्याशी तेवढी आठ जुळणारा पत्ता मिळवायला चोराला सरासरी ४२९ कोटी पत्ते बनवून बघावे लागतात. आकडा मोठा वाटतो, पण गेम खेळायच्या ग्राफिक कार्डाला ते काही मिनिटांचं काम.

मग हा जुळा पत्ता तुमच्या यादीत घुसवायचा. कधी चिल्लर पाठवून, कधी त्याच नावाचं बनावट टोकन वापरून, तर कधी असं:

```
transferFrom(victim, lookalike, 0)
```

तुमच्या खात्यातून दुसऱ्याने पैसे हलवायचे तर तुमची परवानगी लागते. पण शून्य हलवायला शून्य परवानगी पुरते! त्यामुळे कुणीही हे करू शकतो, आणि यादीत ‘तुम्ही या पत्त्यावर पाठवलं’ अशी ओळ उमटते. किल्ली चोरीला गेलेली नसते, खात्यातून काही गेलेलं नसतं. तुम्ही पुढच्या वेळी ती ओळ कॉपी करायची, एवढीच त्याची अपेक्षा.

नीलकंठ
पण पत्त्यात चेकसम असतो ना? काही अक्षरं कॅपिटल, काही स्मॉल असतात, त्यावरून चूक कळते. मग वॉलेट अडवत कसं नाही?

कडीकोयंडा
चेकसम असतो हे खरं. पण तो टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर ओरडतो. तोतया पत्ता चुकलेला नाही, तो स्वतःच्या जागी अस्सल पत्ता आहे आणि त्याचा चेकसम बरोबरच येतो.

शैला_काकू
माझंही असंच झालं होतं! यूपीआयने दूधवाल्याचे पैसे दुसऱ्याच नंबरवर गेले. एक आकडा चुकला. त्या माणसाने परत केले हो.

जुनाबाजार
काकू, तुमचा हात चुकला. इथे चुकावा म्हणून कुणीतरी आधी तयारी करून ठेवलेली असते. शिवाय यूपीआयवर निदान समोरच्याचं नाव तरी दिसतं.

भटक्या_फ्रीलान्सर
मी यात ४०० यूएसडीटी घालवलेत, म्हणून लिहितो. आधी १० पाठवून बघितले, पोचले. मग चहा केला, यादीतली सगळ्यात वरची ओळ कॉपी केली आणि बाकीचे पाठवले. चहाच्या वेळात वरची ओळ बदलली होती.

कडीकोयंडा
मे २०२४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एकाने आधी 0.05 ईथर चाचणी म्हणून योग्य पत्त्यावर पाठवले, आणि मग १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, तोतयाकडे. दोन्ही पत्ते 0xd9A1 ने सुरू होत होते आणि 853a91 ने संपत होते. पुढे बोलणी होऊन चोराने जवळपास सगळे परत केले, पण तो अपवाद म्हणायचा.

पाळत ठेवणारे प्रोग्राम तुमच्या चाचणीचीच वाट बघत असतात. तरी चाचणी करावी, फक्त दुसऱ्या वेळी पत्ता यादीतून उचलू नये. समोरच्याकडून एकदा मिळालेला पूर्ण पत्ता वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये नावाने साठवायचा, चाचणी त्या नोंदीवरून, मोठी रक्कमही त्याच नोंदीवरून. हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर पूर्ण पत्ता दिसतो, तो समोरच्याने पाठवलेल्या मजकुराशी ताडायचा. यादीशी ताडलात तर तोतया तोतयाशी जुळणारच. आणि नजर मधल्या अक्षरांवर टाका. टोकं जुळवलेलीच असतात, मधलं प्रत्येक जादा अक्षर मात्र चोराचं काम सोळापट वाढवतं.

नीलकंठ
मग यादीतल्या शून्याच्या ओळी लपवल्या की झालं?

कडीकोयंडा
इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटने २०२३ पासून तेच केलंय. चिल्लर पाठवणारे तरीही उरतात.

मुक्ता
म्हणजे वस्तू ‘तोतया पत्ता’ आणि क्रिया ‘पेरणं’? सुरुंग पेरतात, पुरावा पेरतात, तसं ‘पत्ता पेरणे’. सूचना अशी लिहिली: “तुमच्या यादीत तोतया पत्ता पेरलेला असू शकतो. पत्ता यादीतून कॉपी करू नका.”

जुनाबाजार
झकास. फक्त ‘पत्तापेरणी’ असं नाम करू नका, कृषी खात्याची योजना वाटेल.

शैला_काकू
मला अजून ‘विष’च बरं वाटतं. पेरलेलं उगवतं, हे तर नुसतं पडून राहतं.

भटक्या_फ्रीलान्सर
माझं उगवलं ना, काकू.